सत्कारानंतरचा हिशेब

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात महिनाअखेरीला एखाद्या कारखान्याच्या कँटीनमध्ये शाल, श्रीफळ आणि भेटवस्तूचा कार्यक्रम असतोच. त्यानंतर बायका-मुलांसह फोटो, पेढे आणि गेटपर्यंत सोबत. पाचव्या-सहाव्या दिवसापासून त्याच माणसाचे एचआरला फोन सुरू होतात : "साहेब, पैसे कधी येणार?" प्रश्न अगदी रास्त आहे, पण तो चुकीचा विचारला जातो. कारण ‘पैसे’ नावाची एकच रक्कम नसते. शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, पीएफ, पेन्शन आणि मागून येणारा बोनस हे सहा वेगवेगळ्या दारांतून येतात. प्रत्येक दाराला वेगळा मालक आणि वेगळी मुदत असते. कुठला पैसा कुणाकडे मागायचा हे ज्याला माहीत असतं, त्याचे फेरे निम्म्याने कमी होतात.

सरकारी नोकरांचं शास्त्र वेगळं आहे. तिथे महालेखापाल, कोषागार, सेवापुस्तक आणि अंशराशीकरण असतं. इथे बोलायचं आहे ते खासगी कारखान्यातल्या कायम कामगाराबद्दल, कारण त्याला समजावून सांगायला सहसा कुणी नसतं.

एक उदाहरण धरू. पुण्याजवळच्या एका कारखान्यातला मशिन ऑपरेटर. १० ऑक्टोबर १९९८ ला कामाला लागला, ५८ पूर्ण झाल्यावर ३१ मे २०२६ ला निवृत्त. एकूण पगार ५८,००० रुपये, त्यातले मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३१,२००. बाकीचे घरभाडे, वाहतूक, शिक्षण वगैरे भत्ते. रजेच्या खात्यावर मागच्या वर्षाअखेर ४६ दिवस शिल्लक. कंपनीच्या करारात ६० दिवसांपर्यंत रजा साठवायची मुभा आहे.

सुरुवात रजेच्या पैशांपासून करू, कारण सगळ्यांत जास्त वाद त्यावर होतात आणि सगळ्यांत कमी लोकांना त्याचा नियम ठाऊक असतो.

फॅक्टरी कायद्यात पगारी रजेचा नियम सरळ होता : मागच्या वर्षी वीस दिवस काम केलं की एक दिवस रजा, आणि न वापरलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात न्यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी वीसला एक हे प्रमाण आणि ३० दिवसांची मर्यादा तीच राहिली. अनेक कारखान्यांत युनियनच्या करारामुळे साठवायची मर्यादा ६०, ९० किंवा त्याहूनही जास्त असते. महाराष्ट्रातल्या दुकानं आणि ऑफिसांना लागू असलेल्या २०१७ च्या कायद्यात ती ४५ दिवस आहे. म्हणजे ‘तीनशे दिवसांचे पैसे मिळतात’ हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते सरकारी नोकरांचं आहे. शेजारच्या तलाठ्याला मिळाले म्हणून आपल्यालाही तेवढे मिळतील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आपल्या ऑपरेटरकडे ४६ दिवस आहेत. पण त्याचा खरा आकडा ४६ नाही. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत त्याने साधारण १२० दिवस काम केलं. वीसला एक या हिशेबाने त्याची सहा दिवसांची रजा आणखी जमा झाली. वर्ष पुरं झालं नाही, म्हणून ती बुडत नाही. निवृत्त होणाऱ्याला, किंवा नोकरीत असताना वारलेल्याच्या घरच्यांना, तोपर्यंत कमावलेल्या रजेचे पैसे मिळायला हवेत, अशी स्पष्ट तरतूद आहे. तरी हिशेबाच्या कागदावर अनेकदा फक्त ‘मागील शिल्लक’ दिसते, कारण रजेचं सॉफ्टवेअर चालू वर्षाची रजा पुढच्या जानेवारीत जमा करतं, आणि पुढच्या जानेवारीत हा माणूस त्या यादीतच नसतो. त्यामुळे तो आकडा हाताने घालावा लागतो. तो घातला गेला का, हे पाहणं ज्याचं त्याने करायचं.

४६ आणि ६ मिळून ५२ दिवस. आता एका दिवसाचे पैसे किती? इथे दुसरी मेख आहे. ३१,२०० ला २६ ने भागलं तर दिवसाला १,२०० रुपये येतात, ३० ने भागलं तर १,०४०. पहिल्या हिशेबाने ५२ दिवसांचे ६२,४०० होतात, दुसऱ्याने ५४,०८०. फरक ८,३२० रुपयांचा. रजेच्या बाबतीत कोणता भागाकार करायचा आणि कोणता पगार धरायचा, हे बहुतेक ठिकाणी करारात किंवा कंपनीच्या रजा नियमात लिहिलेलं असतं. ते कलम वाचल्याशिवाय भांडायला जाऊ नये, आणि वाचल्यावर गप्प बसू नये. पगारी रजा कोणती आणि आजारपणाची कोणती हेही तिथेच कळतं. किरकोळ रजेचे पैसे जवळपास कुठेच मिळत नाहीत. आजारपणाच्या रजेचे करारात असतील तरच मिळतात.

आणि मुदत? लोकांना वाटतं, रजेच्या पैशांना मुदतच नाही, कंपनी देईल तेव्हा खरे. तसं नाही. राजीनामा दिलेल्या किंवा काढून टाकलेल्या कामगाराला रजेचे पैसे दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचे असतात. निवृत्त झालेल्याला किंवा वारलेल्याच्या कुटुंबाला मात्र दोन महिन्यांच्या आत. जुन्या फॅक्टरी कायद्यात हे होतं आणि नव्या संहितेतही तसंच आहे. गंमत अशी की भांडून सोडून जाणाऱ्याला कायदा दोन दिवसांत पैसे देतो आणि सत्कार घेऊन जाणाऱ्याला दोन महिने थांबवतो. माझ्या मते हे उलटंच व्हायला हवं होतं, कारण निवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून कित्येक वर्षं आधी माहीत असते. पण नियम तो नियम. त्यामुळे ३१ मे ला निवृत्त झालेल्या माणसाने जूनच्या दहा तारखेला रजेच्या पैशांवरून हमरीतुमरीवर येऊ नये, आणि ३१ जुलै उलटल्यावर ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नये.

प्रत्यक्षात रजेचे पैसे एकटे येत नाहीत. ते ‘फुल अँड फायनल’ नावाच्या एकाच कागदावर येतात. त्यावर शेवटच्या महिन्याचा राहिलेला पगार, रजेचे पैसे आणि प्रवास भत्त्याची थकबाकी जमेच्या बाजूला असते. कंपनीच्या पतसंस्थेचं कर्ज, उचल, कँटीनचे पैसे आणि न परत केलेली अवजारं दुसऱ्या बाजूला. हा कागद अडतो तो ‘नो ड्यूज’मुळे. स्टोअर, टूलरूम, सुरक्षा, आयटी, पतसंस्था, कँटीन या सगळ्यांच्या सह्या आल्याशिवाय अकाउंट्स तो पुढे सरकवत नाही. एक व्हर्नियर कॅलिपर नावावर राहिला, म्हणून लाखभर रुपये महिनाभर अडलेले पाहिले आहेत. चांगल्या कंपन्यांत हा हिशेब महिना ते दीड महिन्यात होतो. नो ड्यूजचा कागद शेवटच्या आठवड्यात हातात घेऊन स्वतः फिरवला, तर पंधरा दिवस सहज वाचतात.

शेवटचा पगार त्यामानाने सरळ आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा असतो, तेव्हा मेचा पगार जूनच्या सातपर्यंत यायला हवा. काही कंपन्या शेवटच्या महिन्याचा पगार मुद्दाम रोखून फुल अँड फायनलमध्ये ढकलतात. नव्या वेतन संहितेत सगळा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा नियम आहे खरा, पण त्यात कमी केलेला, काढलेला, राजीनामा दिलेला आणि कारखाना बंद पडल्याने बेकार झालेला एवढ्यांचीच नावं आहेत. निवृत्त माणूस त्या यादीत नाही. तेव्हा ‘दोन दिवसांत सगळं मिळतं’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर निवृत्त माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही.

आता ग्रॅच्युइटी. रक्कम मोठी, नियम स्वच्छ, आणि तरी लोक इथेच फसतात.

सूत्र आहे शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. महिन्यात कामाचे दिवस २६ धरतात. आपल्या ऑपरेटरचं एका दिवसाचं वेतन १,२०० रुपये, पंधरा दिवसांचं १८,०००. त्याची सेवा २७ वर्षं आणि साडेसात महिन्यांहून थोडी जास्त. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून २८ वर्षं. १८,००० गुणिले २८ म्हणजे ५,०४,००० रुपये. कुणी चुकून, किंवा चुकून नव्हे, ३० ने भागलं तर हीच रक्कम ४,३६,८०० होते. फरक ६७,२०० रुपयांचा. रजेच्या पैशांत २६ की ३० हा करारावर अवलंबून असलेला प्रश्न आहे, ग्रॅच्युइटीत तो प्रश्नच नाही. कामगारासाठी कायद्याने २६ सांगितले आहेत. कागद हातात आला की आधी हा भागाकार तपासावा आणि मग वर्षं मोजावीत.

कोणता पगार धरायचा, यात नव्या संहितेने एक बदल केला आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता हेच वेतन, हे पूर्वीसारखंच. पण भत्त्यांची बेरीज एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरचा जादा भागही वेतनात धरायचा. आपल्या ऑपरेटरचे भत्ते २६,८०० आहेत, ५८,००० च्या निम्म्याच्या आत, म्हणून त्याला काही फरक पडत नाही. पण त्याच पगाराच्या दुसऱ्या एखाद्याला मूळ पगार आणि महागाई फक्त २२,००० असेल, तर त्याचे भत्ते ३६,००० होतात. निम्म्यावरचे ७,००० वेतनात येऊन त्याचं वेतन २९,००० धरलं जातं. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून भत्ते फुगवलेल्या कंपन्यांत हा मुद्दा लाखाच्या घरात जाऊ शकतो. सध्या हिशेब करणाऱ्यांचे सगळ्यांत जास्त घोळ इथेच होताना दिसतात, कारण पगाराची सॉफ्टवेअरं जुन्या व्याख्येवर चालत आलेली आहेत.

ग्रॅच्युइटीची मुदत ३० दिवसांची. ती देय झाली की कामगाराने अर्ज केलेला असो वा नसो, मालकाने रक्कम काढून लेखी कळवायची आणि तीस दिवसांच्या आत द्यायची. म्हणजे आपल्या उदाहरणात ३० जूनपर्यंत. उशीर झाला तर सरळव्याज लागतं. जुन्या कायद्याखाली हा दर वर्षाला दहा टक्के होता. दहा टक्क्यांनी ५,०४,००० वर महिन्याला ४,२०० रुपये होतात. हे व्याज कंपनी आपणहून देते असा अनुभव फार थोड्यांचा. मागावं लागतं, आणि लेखी मागावं लागतं. कायदा अर्जाशिवायही पैसे द्या म्हणतो, तरीही अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पुढे वाद झाला तर तारखेचा पुरावा तोच असतो.

उशिराचं नेहमीचं कारण ठरलेलं असतं : "एलआयसीकडून अजून आले नाहीत." बऱ्याच कंपन्या ग्रॅच्युइटीचा निधी एलआयसीच्या गट योजनेत ठेवतात. कंपनी दावा पाठवते, एलआयसी कंपनीच्या ट्रस्टकडे पैसे देते आणि ट्रस्ट कामगाराला. यात तीन-चार आठवडे सहज जातात. पण ही मालकाची अंतर्गत सोय आहे. कामगाराला पैसे द्यायची जबाबदारी मालकाची, आणि तीस दिवसांचं घड्याळ एलआयसीमुळे थांबत नाही. दावा निवृत्तीआधी महिनाभर पाठवला तर सगळं वेळेत बसतं. तो पाठवला का, एवढा एक प्रश्न मेच्या सुरुवातीला एचआरला विचारून ठेवावा.

पतसंस्थेचं कर्ज ग्रॅच्युइटीतून परस्पर वळतं करून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. कायद्याने ग्रॅच्युइटीला जप्तीपासून संरक्षण दिलं आहे, आणि ती अडवण्याची कारणं गैरवर्तनामुळे नोकरी जाणं, कंपनीचं नुकसान करणं अशी मोजकी आहेत. कर्ज फेडायचंच असतं, ते फेडावं, पण कागदावर दोन्ही रकमा वेगळ्या दिसायला हव्यात. ग्रॅच्युइटी पूर्ण खात्यावर जमा झाली आणि मग तुम्ही कर्ज फेडलंत, हे सगळ्यांत स्वच्छ.

पीएफचं दार कंपनीचं नाही, भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचं आहे. पिंपरी-चिंचवडकरांसाठी ते आकुर्डीला. काही मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे पीएफ ट्रस्ट असतात. तिथे पीएफ ट्रस्टकडून येतो आणि पेन्शन मात्र सरकारी कार्यालयाकडूनच. निवृत्तीनंतर पूर्ण पीएफ काढायला बेकारीचे महिने थांबायची अट नाही. पंचावन्न वर्षांनंतर निवृत्त झालेल्याला लगेच दावा करता येतो. दावा निकाली काढायची मुदत वीस दिवसांची आहे.

तरीही २ जूनला उत्साहाने मोबाइलवर दावा भरायला बसलेला माणूस हात हलवत परत येतो. कारण साधं आहे. मेचा पगार जूनच्या पहिल्या आठवड्यात होतो, त्यावरचा पीएफ कंपनी १५ जूनपर्यंत भरते, आणि त्याच सुमारास पोर्टलवर ‘नोकरी सोडल्याची तारीख’ घालते. ती तारीख नसेल तर अंतिम दावा पुढे जात नाही. स्वतः तारीख घालायची सोय आहे, पण शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटल्यावर. तेव्हा सरळ मार्ग हा : १५ जूननंतर पासबुक पाहावं, मेचा भरणा दिसतोय का आणि सोडल्याची तारीख व कारण निवृत्ती असं आलंय का ते बघावं, आणि मगच फॉर्म १९ भरावा. असं केलं तर जुलैच्या मध्यापर्यंत पैसे खात्यावर येतात. आधी घाई केलेल्याचा दावा परत येतो, किंवा शेवटच्या महिन्याची रक्कम मागे अडकते आणि दुसऱ्यांदा भरावं लागतं.

दावा परत येण्याची खरी कारणं निवृत्तीच्या खूप आधी जन्मलेली असतात. आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पीएफवर ‘दत्तात्रेय’. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख एक आणि आधारवरची दुसरी. १९९० च्या दशकात दोन वर्षं दुसऱ्या कारखान्यात केलेल्या नोकरीचं खातं तसंच पडलेलं. बँकेचं खातं विलीनीकरणात बदललेलं, त्यामुळे आयएफएससी जुना. ही दुरुस्ती चालू नोकरीत कंपनीच्या मदतीने काही आठवड्यांत होते. निवृत्तीनंतर तीच दुरुस्ती करताना एचआरमधला ओळखीचा माणूस बदललेला असतो. निवृत्तीआधी वर्षभर नाव, जन्मतारीख, रुजू तारीख, बँक आणि वारस या पाच नोंदी एकदा ताडून पाहिल्या, की पीएफचं निम्मं काम झालं.

पीएफची घाई करावीच असंही नाही. निवृत्तीनंतर तीन वर्षं खात्यावर व्याज मिळत राहतं. फक्त निवृत्तीनंतरचं व्याज करपात्र होतं. मुलीचं लग्न किंवा घराचं कर्ज समोर नसेल, तर तो पर्याय वाईट नाही.

पासबुकात तिसरा रकाना असतो पेन्शनचा. तिथे जमा झालेली रक्कम पाहून अनेकजण ती पीएफच्या बेरजेत धरतात आणि नंतर ‘पैसे कापले’ म्हणतात. दहा वर्षं सेवा झालेल्या माणसाला ती रक्कम हातात मिळत नाही. तिच्या बदल्यात महिन्याची पेन्शन मिळते, आणि त्यासाठी वेगळा फॉर्म १०-डी भरावा लागतो. पीएफचा दावा केला की पेन्शन आपोआप सुरू होते, हा समज फार महागात पडतो. वर्षभर वाट पाहून मग चौकशीला आलेले लोक पीएफ ऑफिसच्या रांगेत नेहमी भेटतात.

पेन्शन किती, यातही अपेक्षाभंग ठरलेला. सूत्र असं : पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. वेतनाची कमाल मर्यादा १५,०००. वीस वर्षांवर सेवा असेल तर दोन वर्षं जादा धरतात. आपला ऑपरेटर कागदावर १५,००० गुणिले ३० भागिले ७० करतो आणि ६,४२८ रुपये आकडा काढतो. पण १५,००० ची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधी ती ६,५०० होती, आणि त्या काळातली सेवा त्याच मर्यादेने मोजतात. त्याची जवळपास सोळा वर्षं जुन्या मर्यादेत जातात, म्हणून प्रत्यक्षात पेन्शन चार ते साडेचार हजारांच्या आसपास येते. जास्त पगारावर पेन्शनचा पर्याय ज्यांनी रीतसर घेतला आणि ज्यांचा मंजूर झाला, त्यांचा हिशेब निराळा.

१०-डी मध्ये नवरा-बायकोचा एकत्र फोटो, बायकोचं आधार, पंचविशीच्या आतल्या मुलांची माहिती आणि बँकेचा तपशील लागतो. अर्ज कंपनीमार्फत किंवा पोर्टलवरून जातो. याचीही मुदत वीस दिवसांची आहे, पण जुन्या सेवेच्या नोंदी, दुसऱ्या कंपनीतला काळ आणि पगाराची पडताळणी यांत दोन-तीन महिने जातात, आणि तेवढं धरून चालावं. पेन्शन ५८ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते, त्यामुळे उशिरा सुरू झाली तरी मागची थकबाकी एकरकमी मिळते. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेत घेता येते. पुण्यात नोकरी करून साताऱ्याला गावी जाणाऱ्याला आता पेन्शनची कागदपत्रं एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हलवत बसावं लागत नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला मात्र द्यावा लागतो. तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

कराचं थोडक्यात. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रजेच्या पैशांवर खासगी नोकराला २५ लाखांपर्यंत सूट आहे. ही मर्यादा २०२३ पर्यंत तीनच लाख होती. सूट ठरवताना शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाची दहापट रक्कमही पाहतात. आपल्या ऑपरेटरच्या बाबतीत ती ३,१२,००० होते आणि त्याला मिळाले ६२,४००, म्हणजे सगळे करमुक्त. नोकरीत असताना रजा विकली तर मात्र ती पूर्ण करपात्र. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत करमुक्त. तरी पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये रजेचे पैसे चुकून साध्या पगारात धरले जातात आणि त्यावर टीडीएस कापला जातो. फुल अँड फायनलच्या कागदावर ‘टीडीएस’ ओळीत अनपेक्षित आकडा दिसला, तर लगेच विचारावं. आर्थिक वर्ष संपायच्या आत कंपनी तो दुरुस्त करू शकते. नंतर विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहावी लागते.

पैसे आले नाहीत तर कुठे जायचं, हेही दारानुसार ठरतं. ग्रॅच्युइटीसाठी कायद्याने वेगळा सक्षम अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याकडे अर्ज करताना मुदत पाळावी लागते, म्हणून कंपनीच्या आश्वासनांवर सहा महिने काढू नयेत. रजेच्या पैशांसाठी आणि पगारासाठी कामगार खातं. पीएफ आणि पेन्शनसाठी संघटनेचं तक्रार पोर्टल, आणि दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ नावाचं शिबिर भरतं, तिथे कागद घेऊन समोरासमोर बोलता येतं. तिथे जाताना दाव्याचा क्रमांक, पासबुकची छापील प्रत आणि दावा फेटाळल्याचं कारण सोबत असेल, तर बोलणं पुढे सरकतं. नुसतं ‘माझे पैसे अडकलेत’ म्हटलं, की पुढच्या महिन्याचं शिबिर.

सगळ्यांत शेवटी येतात ते दोन पैसे, जे निवृत्त माणूस बहुधा विसरतो. एक बोनस. आर्थिक वर्षात तीस दिवस काम केलेल्या आणि पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्या कामगाराला त्या वर्षाचा प्रमाणशीर बोनस मिळतो, आणि तो हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो. म्हणजे एप्रिल-मे या दोन महिन्यांच्या कामाचा बोनस पुढच्या वर्षीच्या दिवाळीला. आपल्या ऑपरेटरचा पगार कायद्याच्या २१,००० च्या मर्यादेबाहेर आहे, पण त्याच्या कारखान्यात करारानुसार सगळ्यांना बोनस मिळतो, म्हणून त्यालाही. दुसरा, कराराचा फरक. युनियनचा करार संपून नवा व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो. करार लागू झाल्याच्या तारखेनंतर आणि सही होण्याआधी जो निवृत्त झाला, त्याला मधल्या महिन्यांचा फरक मिळायला हवा. करार वाढल्याने शेवटचं वेतन वाढलं, तर ग्रॅच्युइटी आणि रजेच्या पैशांचा फरकही. करारात तसं कलम आहे का, हे युनियनच्या चिटणिसाला आधीच विचारून ठेवावं, आणि पगाराचं बँक खातं निवृत्तीनंतर लगेच बंद करू नये. दोन वर्षांनी आलेला हा फरक जुन्या खात्यावर जातो, खातं बंद असलं तर परत कंपनीच्या हिशेबात जाऊन बसतो, आणि तिथून तो काढायला पुन्हा गेटवर पास करून आत जावं लागतं.